पगची धाप आणि मे महिन्याची दुपार : उष्माघात ओळखायचा कसा आणि पहिल्या पंधरा मिनिटांत करायचं काय

आमच्या गोटूला, म्हणजे आमच्या पगला, ऊन लागलं तेव्हा तो उन्हात नव्हताच. नागपूर, नवतपा चालू, दुपारचे तीन, आणि तो घरात फरशीवर. लाईट दोन वाजता गेलेली, म्हणून कूलर बंद. तेवढ्यात अकोल्याहून भाचे आले. गोटू दारापासून स्वयंपाकघरापर्यंत पाच-सहा चकरा धावला, पोरांच्या अंगावर उड्या मारल्या. दहा मिनिटांचा गोंधळ, बास. साडेतीनला तो भिंतीला टेकून बसला होता, आणि त्याच्या घशातून करवतीसारखा आवाज येत होता.

पग, बुलडॉग, फ्रेंच बुलडॉग, बॉक्सर, शिह त्झू, ल्हासा, म्हणजे चपट्या तोंडाचं कुत्रं ज्यांच्या घरी आहे, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. पर्शियन मांजरांनाही हा धोका असतो. मांजर तोंड उघडून धापायला लागलं तर ते केव्हाही गंभीरच समजायचं. पण इथे बोलू कुत्र्यांबद्दल, आणि मुख्यतः पगबद्दल. हच या मोबाईल कंपनीच्या त्या जाहिरातीनंतर पग आपल्याकडे घरोघरी आला, पण त्याचं नाक विदर्भाच्या उन्हाळ्यासाठी बनलेलं नाही हे कोणी सांगितलं नाही.

धापणंच त्याला तापवतं

कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तळपायांना थोडा येतो, पण त्याचा उपयोग नगण्य. त्याचा कूलर म्हणजे नाक आणि जीभ. नाकाच्या आत ओलसर पडद्यांच्या गुंडाळ्या असतात. धापताना त्यांच्यावरून हवा वेगाने जाते, ओल उडून जाते आणि रक्त थंड होतं. लांब नाकाच्या कुत्र्यात या गुंडाळ्यांना ऐसपैस जागा मिळते. पगची कवटी आखूड झाली, पण आतलं मांस तेवढंच राहिलं. त्यामुळे नाकपुड्या चिरेएवढ्या बारीक, मऊ टाळू इतका लांब की श्वासनलिकेच्या तोंडावर लोंबतो, आणि नाकातल्या गुंडाळ्या एकमेकींना चिकटलेल्या.

आता हा प्राणी तापला की काय होतं? तो जोरात श्वास ओढतो. अरुंद वाटेतून जोरात ओढलेल्या हवेने टाळू थरथरतो, घासतो, सुजतो. सुजला की वाट आणखी अरुंद होते. मग तो आणखी जोर लावतो आणि त्या मेहनतीनेच छातीचे स्नायू उष्णता तयार करतात. लॅब्राडॉर धापून थंड होतो, पग एका मर्यादेनंतर धापूनच तापतो. म्हणून ‘थोडा वेळ धापू दे, होईल शांत’ हा सल्ला लॅब्राडॉरला एखादवेळ चालून जाईल, पगला नाही.

ब्रिटनमध्ये २०१६ सालच्या पशुवैद्यकीय नोंदींवरून केलेला एक मोठा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात लॅब्राडॉरच्या तुलनेत उष्माघाताची शक्यता पगला साधारण तिप्पट, फ्रेंच बुलडॉगला सहापट आणि बुलडॉगला चौदापट निघाली. उष्माघात झालेल्या दर सात कुत्र्यांपैकी एक दगावलं होतं. हे ब्रिटनच्या हवेत. आपल्याकडच्या मे महिन्याचा हिशोब ज्याचा त्याने करावा.

आधी कानाने ओळखा

पगवाल्या घरांत एक घात ठरलेला असतो. हा नेहमीच घोरतो, नेहमीच घरघरतो, म्हणून खरा धोक्याचा आवाजही ‘नेहमीचाच’ वाटतो. त्यामुळे पहिलं काम थंड दिवशी करून ठेवायचं. सकाळी तो निवांत असताना त्याच्या श्वासाचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ मोबाईलमध्ये घ्या. झोपेत मिनिटाला किती श्वास घेतो ते मोजा. निरोगी कुत्र्यात ते साधारण तीसच्या आत असतात. फिरून आल्यावर धाप किती वेळात बसते तेही बघा. दहा मिनिटांत बसत असेल तर ठीक. याच्याशी ताडून बघितलं तरच दुपारचा आवाज कळतो.

धोक्याची पहिली पायरी म्हणजे धापेला आवाज चढणं. नेहमीची धाप हलकी, ‘हा-हा-हा’ अशी असते. वाट बंद होऊ लागली की श्वास आत घेताना खरखर येते, करवत चालल्यासारखी. ती पुढे बारीक शिट्टीसारखी झाली तर वाट अगदी चिंचोळी झाली असं समजा. जिभेकडेही बघा. ती लांब लोंबते, टोकाशी पळीसारखी रुंद होते आणि कडा वर वळतात. ओठांचे कोपरे मागे ओढलेले, डोळे विस्फारलेले. लाळ पाण्यासारखी पातळ न राहता चिकट, तारा सुटणारी होते. या पायरीवर कुत्रं अजून शुद्धीत असतं, हाक मारली तर बघतं, पण आडवं व्हायला तयार नसतं. कारण आडवं झालं की श्वास आणखी अडतो.

दुसरी पायरी म्हणजे मेंदू आणि पोट बिघडणं. चालताना मागचे पाय झोकांड्या खातात, हाकेला ओ नाही, उलटी होते, पातळ शी होते. हिरड्या आधी लालभडक, मग फिकट, करड्या किंवा जांभळट. बऱ्याच पगच्या हिरड्या मुळातच काळ्या असतात, तेव्हा जिभेचा रंग बघा किंवा खालची पापणी ओढून आतला पडदा बघा. त्यानंतर कोसळणं आणि झटके. इथवर आलं की एक-एक मिनिट मोजून खर्च करायचं.

पग कधीकधी मान ताणून नाकाने जोरजोरात ‘खुर्र-खुर्र’ हवा आत ओढतो, ती उलटी शिंक. ती मिनिटभरात थांबते आणि कुत्रं लगेच शेपूट हलवत फिरू लागतं. उष्माघाताची धाप थांबत नाही, वाढत जाते. फरक एवढाच, पण तो पहिल्यांदा बघणाऱ्याची फसगत होते.

थर्मामीटर घरात हवाच. माणसांचा साधा डिजिटल चालतो, मात्र त्याच्यावर मार्करने खूण करा आणि तो कुत्र्याचाच ठेवा. टोकाला व्हॅसलिन लावून गुदद्वारात दोन-तीन सेंटीमीटर, एका बाजूने आतल्या भिंतीला टेकवून धरायचा. कुत्र्याचं नेहमीचं तापमान १००.५ ते १०२.५ फॅरनहाइट असतं. म्हणजे आपल्याला जो ताप वाटतो, तो त्याचा नेहमीचा आकडा. १०४ च्या पुढे धाप आणि आवाज असेल तर लगेच पाणी घ्यायला पळा. १०५-१०६ आणि सोबत झोकांड्या किंवा सुस्ती असेल तर उष्माघात धरूनच चाला. आकडा कमी दिसला तरी लक्षणं दुसऱ्या पायरीची असतील तर लक्षणांवर विश्वास ठेवा. आणि थर्मामीटर सापडत नाही म्हणून शोधत बसू नका.

पहिली पंधरा मिनिटं

आधी थंड करायचं, मग न्यायचं. हा क्रम महत्त्वाचा आहे, कारण आपली सहजप्रवृत्ती उलटी असते. कुत्रं उचलायचं आणि गाडी काढायची. तापलेल्या गाडीत, रहदारीत, अर्धा तास तो तसाच तापत राहतो. आतडी, मूत्रपिंड, मेंदू यांचं नुकसान किती होणार हे शरीर किती वेळ तापलेलं राहिलं यावर ठरतं. घरात पाणी आहे, आणि हे नुकसान दवाखान्यात पोचेपर्यंत वाट बघत नाही.

घरात दोन माणसं असतील तर एकाने डॉक्टरांना फोन लावायचा आणि एवढंच विचारायचं: ‘पगला उष्माघात झालाय, वीस मिनिटांत आणतो. तुमच्याकडे ऑक्सिजन आणि सलाईनची सोय आत्ता आहे का?’ नसेल तर दुसऱ्या दवाखान्याला. दुपारी दोन ते पाच बरेच दवाखाने बंद असतात, म्हणून हे दोन-तीन नंबर आधीच फ्रिजवर लावलेले बरे.

दुसऱ्याने गळपट्टा, हार्नेस, कपडे काढायचे. कुत्र्याला सावलीत, फरशीवर, शक्यतो पोटावर बसतं ठेवायचं, मान पुढे सरळ. मग पाणी. मग्ग्याने छाती, काखा, पोट, जांघा आणि पाठ, अशी सगळीकडे धार धरायची आणि दुसऱ्या हाताने केस उलटे चोळत राहायचं, म्हणजे पाणी कातडीपर्यंत जाईल. वरवर केस भिजले आणि कातडी कोरडी राहिली तर काही उपयोग नाही. डोक्यावर ओला हात फिरवा, पण तोंडावर, नाकावर धार धरू नका. ज्याची श्वासाची वाट आधीच चिंचोळी, त्याच्या नाकात पाणी गेलं तर दुसरंच संकट.

पाण्याइतकीच हवा लागते. पंखा पूर्ण वेगात, अंगावर. लाईट नसेल तर पुठ्ठ्याने, सुपाने, जे हाताला लागेल त्याने वारा घाला. ओल्या अंगावरून वारा वाहिला की पाणी उडतं आणि उडताना उष्णता घेऊन जातं. कूलरचं तत्त्व तेच. विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या हवेत तर खिडकीतून येणारा गरम वारासुद्धा ओल्या कुत्र्याला थंड करतो, ऐकायला विचित्र वाटलं तरी. मुंबई-कोकण-गोव्यात हवेतच ओल असल्याने पाणी तेवढं उडत नाही. तिथे ओतणं थांबवायचं नाही, पाणी थंड घ्यायचं आणि जमलं तर एसीच्या खोलीत हे करायचं.

‘बर्फाचं पाणी वापरू नका, शिरा आकसतात’ असं वर्षानुवर्षं सांगितलं गेलं. अलीकडचे जाणकार याला तितकं महत्त्व देत नाहीत. कुत्र्यापेक्षा थंड असलेलं कुठलंही पाणी उपयोगी पडतं, आणि कोमट पाणी शोधण्यात वेळ घालवू नये, असा आताचा सल्ला आहे. तरुण, धडधाकट आणि शुद्धीत असलेल्या कुत्र्याला टबात खांद्यापर्यंत बसवता येतं, पण हनुवटी सतत हातात धरून. वयस्क, लठ्ठ किंवा श्वासाचा आधीच त्रास असलेल्या पगला मी टबात घालणार नाही. धार आणि वारा यांवरच राहीन.

खरी अडचण मात्र वेगळीच निघते, ती म्हणजे नळाचं पाणी. मे महिन्यात दुपारी गच्चीवरच्या काळ्या टाकीतून येणारं पाणी हाताला चटका देतं. गोटूच्या वेळी मी घाईत बाथरूमचा नळ सोडला, आणि हात मागे ओढला. नशीब, सकाळी नळ आला तेव्हा भरून ठेवलेली एक बादली होती आणि स्वयंपाकघरात माठ. तेव्हापासून एप्रिल ते जून मोरीत एक ड्रम सकाळीच भरून, झाकून ठेवतो.

दर तीन-चार मिनिटांनी तापमान बघा आणि १०३.५ ला पाणी थांबवा. कुत्रं टॉवेलने टिपून घ्या, वारा मंद करा. इथे थांबलं नाही तर उलटा धोका असतो, कारण पाणी थांबल्यावरही तापमान आणखी एखाद-दोन अंश उतरत राहतं आणि छोटं कुत्रं गारठतं. थर्मामीटरच नसेल तर दहा-पंधरा मिनिटं नीट भिजवा, वारा घाला, धाप हलकी झाली की निघा. आणि बेशुद्ध असेल, जीभ जांभळी असेल तर तेवढंही थांबू नका. दोन बादल्या ओता आणि भिजवत, वारा घालत गाडीतच चालू ठेवा.

करू नयेत अशा गोष्टी, ज्या आपण हमखास करतो

ओला टॉवेल गुंडाळणं यात सगळ्यात वरचं. पाच मिनिटांत तो टॉवेल अंगाच्या उष्णतेने गरम होतो आणि गोधडीसारखा वाफ आत कोंडतो. अंगाखाली ओलं कापड अंथरलं तर चालतं, अंगावर नको.

शेजारच्या काकू धावत आल्या त्या कांदा घेऊन. ‘अहो, कांद्याचा रस चोळा तळपायांना, थोडा पाजा, ऊन उतरतं.’ माया खरी होती, पण कांदा कुत्र्याला विषारी आहे, त्याने रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. पायाला चोळला तर तो चाटणारच. मी नको म्हटलं, काकू थोड्या रागावल्या. पन्हं, इलेक्ट्रॉल, ग्लुकोजचं पाणीही तोंडात ओतू नका. धापणाऱ्या कुत्र्याच्या तोंडात ओतलेलं पाणी फुप्फुसात जातं. वाटीत साधं पाणी समोर ठेवा, स्वतःहून चाटलं तर थोडं थोडं चाटू द्या.

पॅरासिटामॉल, ब्रुफेन, अ‍ॅस्पिरिन यांपैकी काहीच नाही. तापात मेंदू स्वतःच तापमानाचा काटा वर सरकवतो, आणि ही औषधं तो काटा खाली आणतात. उष्माघातात काटा जागेवरच असतो, उष्णता बाहेर पडत नाही एवढंच. त्यामुळे औषधाचा फायदा काही नाही, आणि उष्माघातानंतर रक्तस्राव आणि मूत्रपिंडाचा धोका असतो त्यात भर पडते.

गोटूचे पाऊणेक तास

साडेतीनला आवाज ओळखला. ३.३१ ला थर्मामीटर १०६.८. तो उभा होता पण मागचा भाग डुलत होता. बायकोने फोन घेतला, मी आणि मोठा भाचा कामाला लागलो. एक बादली आणि माठातले पाच-सहा तांबे पाणी. लाईट नाही, म्हणून भाच्याने मिक्सरच्या खोक्याचं झाकण फाडून वारा घातला. ३.३७ ला १०५.४. एवढ्यात त्याने उलटी केली, तेव्हा मान खाली करून तोंड बोटाने पुसून घेतलं. ३.४२ ला १०४.२ आणि आवाज करवतीवरून घरघरीवर आला. ३.४६ ला १०३.५. थांबलो.

तोवर बायकोने गाडीचा एसी लावून ठेवला होता. मागच्या सीटवर ओल्या चटईवर पोटावर बसवला, पिंजऱ्यात नाही, मांडीवर दाबून नाही. माणसाचं अंगही तापलेलंच असतं. गाडी नसेल तर रिक्षा वाईट नाही, वारा चांगला लागतो. दुचाकीवर पिशवीत घालून नेणं मात्र टाळा.

४.१० ला दवाखान्यात १०२.३. माझ्या मनात आलं, झालं, उतरलं, आता घरी जावं. डॉक्टरांनी ऐकलं नाही, आणि बरोबर केलं. ऑक्सिजनचा मास्क, घाबरगुंडी कमी करणारं हलकं इंजेक्शन आणि सलाईन. पगमध्ये ते शांत करणारं इंजेक्शन फार कामाचं असतं, कारण घाबरलं की धाप आणि धापेने सूज. रक्तातली साखर तपासली, ती कमी होती, सलाईनमधून दिली. ते म्हणाले, ‘आज तो चांगला दिसेल. मला उद्या-परवाची काळजी आहे.’

झालंही तसंच. पहिल्या दिवशी प्लेटलेट दोन लाखांवर होत्या, दुसऱ्या दिवशी पंच्याण्णव हजार. तापलेल्या शरीरात रक्तवाहिन्यांचं अस्तर दुखावतं, रक्त आतल्या आत गोठायला लागतं, प्लेटलेट खर्च होतात, आणि मग उलट रक्तस्राव सुरू होऊ शकतो. हे सगळं तापमान उतरल्यानंतर एक ते तीन दिवसांत उघडं पडतं. म्हणून प्लेटलेट, रक्त गोठण्याचा वेळ, क्रिएटिनिन आणि यकृताच्या तपासण्या पहिल्या दिवशी करून पुन्हा २४ आणि ४८ तासांनी कराव्यात असं डॉक्टरांना आपणहून विचारा. घरी आणल्यावर पोटाच्या आणि कानाच्या आतल्या कातडीवर तांबडे-जांभळे ठिपके, शीमध्ये रक्त किंवा डांबरासारखी काळी शी, लघवी गडद किंवा फारच कमी, विचित्र सुस्ती यांपैकी एक जरी दिसलं तरी रात्र असली तरी परत जायचं. गोटूच्या प्लेटलेट तिसऱ्या दिवशी चढू लागल्या.

नंतर काय बदललं

फिरणं सकाळी सहाच्या आधी आणि रात्री नऊनंतर. डांबरावर हाताची मागची बाजू पाच सेकंद टेकवायची, चटका बसला तर परत. पाहुणे येणार असतील तर गोटू आधी आतल्या खोलीत, पोरं शांत बसल्यावर बाहेर. बंद पडलेल्या कूलरसाठी इन्व्हर्टरवर एक पंखा. कोरड्या हवेत चाळीसच्या वर कूलर छान चालतो, पण पहिला पाऊस पडून हवा दमट झाली की तोच कूलर खोलीत वाफ भरतो. जूनचा तो आठवडा मेपेक्षा फसवा असतो, लोक सावधगिरी तेव्हाच सोडतात.

वजन हा सगळ्यात अवघड भाग. पग सहा ते आठ किलोचा असावा, गोटू अकराचा होता. चरबी उष्णता आत धरते आणि घशाभोवती साचून वाटही दाबते. पोळीचे तुकडे बंद केले, त्यावर घरात दोन आठवडे अबोला होता. सात महिन्यांत तो पावणेनऊवर आला.

नाकपुड्या रुंद करण्याची आणि लांबलेला टाळू कापण्याची शस्त्रक्रिया असते. ती आम्ही डिसेंबरमध्ये करून घेतली, कारण भूल उतरताना श्वासाची वाट सुजते आणि त्या वेळी बाहेर गारवा असलेला बरा. त्याने पगचा लॅब्राडॉर होत नाही. पुढच्या मेमध्येही तो दुपारभर मोरीच्या दारातच पडून होता. फक्त झोपेतला घोरण्याचा आवाज दुसऱ्या खोलीत ऐकू येईनासा झाला, आणि सुरुवातीच्या काही रात्री आम्हीच उठून बघत होतो, श्वास चालू आहे ना म्हणून.